उचल मागितली, तर काय म्हणाल?

भांडी घासून झालेली असतात, हात पदराला पुसून ताई जायला निघतात आणि दाराशी थांबून म्हणतात, “वहिनी, एक सांगायचं होतं. पंधरा हजार उचल मिळेल का?” पुढच्या अर्ध्या मिनिटात आपण जे बोलतो, ते बहुतेक वेळा विचार करून बोललेलं नसतं. कुणी घाईघाईने “हो” म्हणतं आणि मग रात्री घरात वाद होतो. कुणी “साहेबांना विचारते” म्हणून विषय टाळतं. सगळ्यात जास्त वेळा तोंडातून निघतं ते “बघते”.

या “बघते”चा त्रास ताईंना नकारापेक्षा जास्त होतो. नकार मिळाला की त्या दुसरीकडे विचारतात. “बघते” ऐकलं की दोन दिवस, तीन दिवस वाट बघतात, कारण पुन्हा विचारायचा संकोच असतो. मग ज्या तारखेला पैसे भरायचे असतात, त्याच्या आदल्या संध्याकाळी वस्तीतल्या सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वस्त्यांमध्ये महिन्याला शेकडा दहा हा दर अनेक ठिकाणी सर्रास ऐकायला मिळतो. दहा हजार घेतले की दरमहा हजार रुपये नुसतं व्याज, मुद्दल जागेवरच. म्हणून पहिला नियम: उत्तर काहीही असो, ते कधी मिळेल हे त्याच वेळी सांगावं. “ताई, मी उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगते” असं म्हणावं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विचारायला न लावता आपणहून सांगावं.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. आपल्याकडे घरकामाचा पगार महिना भरल्यावर देतात. म्हणजे १८ तारखेला ताई पैसे मागतात तेव्हा त्यांचं अठरा दिवसांचं काम आधीच झालेलं असतं आणि त्याचे पैसे आपल्याकडे असतात. चार हजार पगार असेल तर हे २,४०० रुपये होतात. ते १८ तारखेला दिले तर ती उचल नाही, मेहेरबानीही नाही. झालेल्या कामाचा पगार आहे, फक्त तारीख अलीकडे आली. या पैशांसाठी “कशाला हवेत?” असं विचारण्याचा हक्क आपल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढं मात्र सांगावं, की “१ तारखेला मग सोळाशेच हातात येतील, चालेल ना?” कारण खोलीचं भाडं १ ते ५ तारखेदरम्यान द्यायचं असतं आणि आजचा खड्डा बुजवताना तिथे नवा पडू शकतो.

खरी उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाचे पैसे. ती किती द्यावी, हा प्रश्न मागणी आल्यावर सोडवायला बसलं की मन एक सांगतं आणि खिसा दुसरं. म्हणून आकडा आधी ठरलेला हवा. कायद्यात तो सापडत नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात नोंदणी आणि कल्याणकारी मदतीची व्यवस्था आहे, पण उचल किती द्यावी आणि कशी कापावी याचं मोजमाप नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून एक मर्यादा चालत आली आहे: सर्वसाधारणपणे सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त रक्कम कापता येत नाही. घरकामाला ही मर्यादा फार सैल आहे. चार हजारांतले दोन हजार कापले, तर महिना संपायच्या आत ताईंना ते दोन हजार दुसऱ्या घरून उचलावे लागणार. एका घरची उचल फेडायला दुसऱ्या घरची, असं चक्र इथूनच सुरू होतं.

मला योग्य वाटतं ते प्रमाण असं: आपल्या घरच्या पगारातून महिन्याला चौथ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही आणि उचल सहा महिन्यांत फिटली पाहिजे. चार हजार पगार असेल तर हप्ता हजार, म्हणजे जास्तीत जास्त उचल सहा हजार. सरळ भाषेत, दीड महिन्याचा पगार. सहा महिने का? त्याहून लांबलेल्या उचलीत मध्येच सण येतो, आजारपण येतं, गावाला जाणं येतं; हप्ते चुकतात, आणि किती राहिले यावर दोघांची आठवण जुळेनाशी होते. आपली स्वतःची ऐपत याहून कमी असेल, निवृत्तिवेतनावर घर चालत असेल, तर आकडा आणखी खाली आणावा. बुडाली तरी मनात कडवटपणा येणार नाही एवढीच रक्कम द्यावी. ताई उद्या गावी निघून गेल्या, नवऱ्याच्या कामासाठी दुसऱ्या शहरात गेल्या, तर ते पैसे परत येतीलच असं नाही, हे धरूनच चालायला हवं.

आता वरच्याच मागणीचा हिशेब मांडून बघू. ताई पाच घरी काम करतात. सगळीकडचे मिळून सोळा हजार येतात, त्यात आपल्या घरचे चार. १८ जूनला त्यांनी पंधरा हजार मागितले. आपली मर्यादा सहा. इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात: “एवढे कुठून आणू?” म्हणून विषय संपवतात, किंवा ओढूनताणून पंधरा हजार देतात. तिसरा मार्ग म्हणजे दोन प्रश्न विचारणं. कारण काय, हा त्यातला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न: कोणत्या तारखेला किती लागणार? दुसरा: यातले काही पैसे कुठून परत येणार आहेत का?

उत्तर असं येतं. राहती खोली मालकाला हवी आहे. नवी खोली बघितली आहे, तिचं डिपॉझिट आणि सामान हलवायचा टेम्पो मिळून दहा हजार २५ तारखेपर्यंत लागतील. उरलेले पाच हजार सावकाराचे आहेत; गेल्या वर्षीच्या आजारपणात घेतले होते, महिन्याला पाचशे व्याज जातंय, ते एकदाचे फेडून टाकायचे आहेत. आणि हो, जुन्या खोलीचं सहा हजार डिपॉझिट परत मिळणार आहे, पण खोली रिकामी केल्यावर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

पंधरा हजारांचा एक गोळा होता, त्याचे आता तीन भाग दिसू लागले. २५ तारखेला हवेत ते दहा हजार. त्यातले सहा आपण देऊ शकतो. उरलेल्या चारांसाठी ताई दुसऱ्या एखाद्या घरी विचारतील किंवा भिशीतून उचलतील. दहाच्या जागी चार मागायचे आहेत म्हटल्यावर तिथेही होकाराची शक्यता वाढते. सावकाराचे पाच हजार आज लागतच नाहीत. जुलैत जुनं डिपॉझिट हाती आलं की त्यातून ते फिटतील. आणि ते फिटले की दरमहा जाणारे पाचशे वाचतील, म्हणजे आपल्या हजाराच्या हप्त्याचा खरा ताण पाचशेचाच उरेल.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुलांच्या शाळेसाठी किंवा औषधपाण्यासाठी मागितलं की आपला हात सैल सुटतो आणि जुनं कर्ज फेडायला मागितलं की कपाळावर आठ्या पडतात. आकडे उलट सांगतात. शेकडा दहाने घेतलेलं कर्ज आपल्या बिनव्याजी पैशाने फिटलं, तर प्रत्येक रुपयाचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या क्वचितच कारणात होतो. त्यामुळे “सावकाराचे द्यायचेत” हे कारण कमी प्रतीचं समजू नये.

मग उत्तर काय द्यायचं? जवळपास असं: “ताई, पंधरा हजार मला जमणार नाहीत. सहा हजार देते, २४ तारखेला. जुलैत तुमची हलवाहलव आहे, म्हणून तेव्हा काही कापणार नाही. १ ऑगस्टला जो पगार देईन, तिथपासून महिन्याला हजार. दिवाळीच्या महिन्यात हप्ता नको, म्हणजे १ फेब्रुवारीला फिटतील.” या बोलण्यात नकार आधी आहे आणि तो स्पष्ट आहे. मग रक्कम, तारीख, हप्ता आणि शेवट. आपल्या घरखर्चाची कहाणी यात नाही आणि ताईंच्या घरखर्चावर टिप्पणीही नाही.

पैसे अजिबातच देता येत नसतील तरी बोलण्याची रीत हीच. “ताई, या महिन्यात मला काहीच जमणार नाही. अठरा दिवसांचा पगार हवा असेल तर आत्ता देते.” एवढं पुरे. “एटीएम बंद आहे”, “साहेब बाहेरगावी आहेत” अशी खोटी कारणं देऊ नयेत. त्याच घरात त्या रोज येतात. दारात आलेलं नव्या फ्रिजचं खोकं त्यांनीच उचलून बाजूला ठेवलेलं असतं. कारण खोटं आहे हे त्यांना कळतं आणि नकारापेक्षा ते जास्त लागतं. तसंच, नकार देताना नवऱ्याची दारू, मुलाचा मोबाइल, गेल्या वर्षीचं लग्न यांचा पाढा वाचायचा नाही. आपल्याकडे पैसे नाहीत किंवा आपली मर्यादा संपली, एवढंच आपल्या नकाराचं कारण असतं आणि तेवढंच सांगावं. हे बोलणं शेजारणीसमोर किंवा पाहुण्यांसमोर करू नये, हे वेगळं सांगायला नको.

इस्पितळाचा प्रसंग मात्र वेगळा. तिथे दीड पगाराची मर्यादा धरून बसायचं नाही, पण पैसे काढायच्या आधी एक काम करायचं. रुग्ण कोणत्या इस्पितळात आहे ते विचारून तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे का, याची चौकशी करायची. योजनेत समाविष्ट असलेल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटायचं असतं. अनेक शस्त्रक्रिया आणि उपचार या योजनेत बसतात, आणि घाबरलेल्या घरातल्या माणसांना ते त्या क्षणी सुचत नाही. आपला एक फोन आणि सोबत जाऊन घालवलेला अर्धा तास कधी कधी आपल्या सहा हजारांपेक्षा मोठं काम करतो. योजनेबाहेरची औषधं किंवा तपासण्या असतील, त्यासाठी थोडे पैसे द्यायचे झाले, तर ते उचल म्हणून देतोय की मदत म्हणून, हे देतानाच सांगावं. “हे परत करायचे नाहीत” हे वाक्य बोलायचं राहिलं, तर ताई ते कर्ज समजून मनात ओझं बाळगतात, किंवा आपण उचल समजतो आणि त्या मदत. दोन्हींत पुढे मन दुखावतं.

पैसे दिले की लिहून ठेवावेत, आणि दोन्हीकडे. बऱ्याच घरांत दूध आणि खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायची सवय असते. तिथेच १ तारखेच्या चौकटीत “हप्ता १, बाकी ५” असं लिहिलं तरी चालतं, कारण ते ताईंना रोज दिसतं. एका छोट्या वहीत तेच लिहून ती वही त्यांच्याकडे द्यावी. वाचता येत नसेल तर घरातल्या मुलीला दाखवतील. पगार फोनवरून पाठवत असाल, तर कापलेला आकडा त्याच संदेशात बोलून पाठवता येतो: “पगार चार हजार, हप्ता हजार, आज तीन हजार पाठवले, बाकी पाच.” दर महिन्याला बाकी मोठ्याने बोलली गेली की वादाला जागा उरत नाही.

गाडं सर्वांत जास्त अडतं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. दोन हप्ते गेलेले असतात, चार हजार बाकी असतात आणि ताई पुन्हा म्हणतात, “वहिनी, दोन हजार हवे होते.” इथे अनेकांचा संयम सुटतो: आधीचेच फिटले नाहीत! पण नियम बाकीवर ठेवला की उत्तर सोपं होतं. मर्यादा सहाची, बाकी चारची, म्हणजे दोन हजार देता येतात. हप्ता हजारच राहील, शेवटची तारीख दोन महिने पुढे जाईल. तीन मागितले तर “दोनच होतील, कारण बाकी सहाच्या वर जाऊ द्यायची नाही असं आपलं ठरलंय.” कितीदा मागितलं हे मोजायचं नाही, किती बाकी आहे ते मोजायचं. मागण्याची संख्या मोजायला लागलो की बोलण्यात हिणवण्याचा सूर येतो.

वरच्या हिशेबातही गोष्टी बिघडू शकतात. जुना खोलीमालक रंगकामाचे म्हणून दोन हजार कापून चारच परत देतो, सावकाराचे हजार राहून जातात, आणि ताई सांगतात की या महिन्यात हप्ता नको. एखादा हप्ता पुढे ढकलायला हरकत नाही. त्यांनी पगाराच्या आधी सांगितलं, हेच व्यवहार नीट चालल्याचं लक्षण आहे. काळजी करावी ती वेगळ्या खुणा दिसल्यावर. ताई पगाराच्या सुमारास खाडे करू लागल्या, हिशेबाचा विषय टाळू लागल्या, दुसऱ्या घरचं काम वाढवून दमून येऊ लागल्या, तर हप्ता झेपत नाही असं समजावं आणि आपणहून तो पाचशेवर आणावा. हप्त्यांचा ताण वाढला की माणूस काम सोडून जातं, आणि मग पैसेही जातात आणि वर्षानुवर्षांची ओळखही.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. उचल दिली म्हणून ताईंवर आपला जादा हक्क तयार होत नाही. “पैसे फिटेपर्यंत काम सोडायचं नाही” अशी अट घालणं, आधारकार्ड किंवा दागिना ठेवून घेणं, उचलीच्या बदल्यात फुकट काम करवून घेणं, हे चांगल्या घरांतही कळत-नकळत होतं. १९७६ सालच्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने नेमका हाच व्यवहार बंद केला आहे. आगाऊ पैशांच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं किंवा कुठेही जाण्याचं स्वातंत्र्य अडकवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे आणि तसलं कर्ज रद्द ठरतं. वीटभट्टी आणि ऊसतोडीच्या संदर्भात आपण हा कायदा ऐकलेला असतो, पण तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबत नाही. व्याजाचंही तसंच. उचलीवर व्याज घ्यायचं नाही, आणि छुपं व्याजही नाही. “एवढे पैसे दिलेत, जरा गाद्या उन्हात टाका, माळा साफ करा” हे व्याजच झालं. माळ्याची सफाई हवी असेल तर तिचे पैसे वेगळे द्यावेत. वाटल्यास ताईंना विचारून ते हप्त्यात वळते करावेत.

काम सोडून जाताना बाकी राहिली, तर शेवटच्या महिन्याच्या पगारातून ताईंच्या संमतीने जमेल तेवढं वळतं करावं आणि उरलेलं सोडून द्यावं. नव्या घरी फोन करून “यांच्याकडे आमचे पैसे आहेत” असं सांगणं म्हणजे त्यांची रोजीरोटी बंद करणं. दोन-तीन हजारांसाठी ती किंमत कुणालाही मोजायला लावू नये.

आणि दर महिन्याला २० तारखेच्या आसपास मागणी येतच असेल, तर तो प्रश्न उचलीचा नाही. एक तर पगाराची तारीख चुकते आहे, किंवा पगारच कमी आहे. तारखेचा प्रश्न असेल तर पगार दोन भागांत द्यावा, १ तारखेला निम्मा आणि १६ तारखेला निम्मा. आपल्याला त्यात एक पैसाही जादा लागत नाही आणि अनेक घरांत तेवढ्याने मागणी थांबते. पगाराचा प्रश्न असेल, तर शेवटची वाढ कधी दिली ते आठवून बघावं. तीन वर्षांत पगार जागचा हलला नसेल, तर ताई उचल मागतात त्यातला काही भाग खरं म्हणजे न दिलेली वाढच असते, आणि ती फेडून घेणं योग्य नाही.

या १ तारखेला पगार देताना ताईंना आपणहून सांगा: अडचण आली तर आपल्या घरून किती उचल मिळेल, महिन्याला किती कापली जाईल, आणि झालेल्या दिवसांचा पगार केव्हाही मागता येईल. दाराशी थांबून तो प्रश्न विचारायची वेळ येण्याआधीच उत्तर त्यांच्याकडे असू द्या.